मुंबईहून एकाच विषयाची लेणी-ट्रिप कशी आखायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मुलुंडचे पाच जण. मी, माझी आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी. डिसेंबरात आम्ही एक विषय धरून कोंडिविटे, भाजे, बेडसे, कार्ले आणि कान्हेरी अशी लेणी ओळीने बघितली, त्याबद्दल ओळखीतले आणि त्यांच्या ओळखीतले इतके जण विचारतात की एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

प्रश्न: विषय धरून ट्रिप म्हणजे काय? लेणी तर सगळेच बघतात.

बघतात, पण दोन दिवसांत सहा ठिकाणं करून घरी आल्यावर कुठला स्तूप कुठे होता ते कोणालाच आठवत नाही, आमचंही आधी असंच झालेलं. या वेळी आम्ही निघायच्या आधी एकच प्रश्न ठरवला: लाकडाच्या इमारती बांधणारी माणसं दगडात कोरायला लागली तेव्हा लाकडाची सवय त्यांच्या हातातून कशी आणि किती वर्षांनी गेली? बस एवढंच. मग प्रत्येक ठिकाणी याच प्रश्नाचं उत्तर शोधायचं, बाकी जे दिसेल ते बोनस.

प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर एका ठिकाणी मिळत नाही आणि चार ठिकाणं ओळीने बघितली की मिळतं. तसं नसेल तर एवढी वणवण कशाला करायची, एकच जागा निवांत बघावी.

प्रश्न: विषय किती मोठा घ्यावा?

तुम्हाला वाटतो त्याच्या निम्म्याहून लहान. 'महाराष्ट्रातली लेणी' हा विषय होत नाही, 'बौद्ध लेणी' पण नाही होत, कारण त्यात भाज्यापासून वेरूळपर्यंत आठ-नऊशे वर्षं येतात आणि मग तुलना करायला काही हाताला लागत नाही. आम्ही घेतलं फक्त चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, आणि काळ घेतला साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून इ.स.च्या दुसऱ्या शतकापर्यंत. म्हणजे साधारण चारशे वर्षं, एकच प्रकारची इमारत, आणि सगळं मुंबई ते मावळ या पट्ट्यात. विहार, कोठ्या, पाण्याची टाकी वाटेत दिसली तर बघितली, पण वहीत नोंद फक्त चैत्यगृहाची.

प्रश्न: मग घारापुरी का नाही घेतली? मुंबईची लेणी म्हटलं की पहिलं नाव तेच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि काही जण तर रागावूनच विचारतात. घारापुरीची मोठी लेणी शैव आहे आणि ती सहाव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे कार्ल्याच्या चैत्यगृहानंतर चारेक शतकांनी कोरलेली. तोपर्यंत लाकडाच्या नकलेचा प्रश्नच संपलेला होता, कोरणाऱ्यांचं लक्ष भिंतीवरच्या शिवाच्या भव्य शिल्पांवर होतं. ती या ट्रिपमध्ये घातली की आधीची सगळी साखळी तुटते, कारण त्रिमूर्ती बघितल्यावर भाज्याचे साधे खांब कोणाला आठवणारेत. घारापुरी फार मोठी गोष्ट आहे म्हणूनच तिला तिची वेगळी ट्रिप द्या, खाली लिहिलंय त्याबद्दल.

जागा वगळणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. आम्ही कोंढाणेसुद्धा वगळली, कर्जतजवळची, राजमाचीच्या पायथ्याची, अगदी आमच्या काळातली आणि आमच्याच विषयातली. तिथलं चैत्यगृह बरंच पडलेलं आहे आणि चाल मोठी आहे, आईला जमली नसती. तुमच्याबरोबर सगळे चालणारे असतील तर मात्र जरूर घ्या.

प्रश्न: क्रम कसा लावला?

इथे आधी झालेली चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही हीच तीन लेणी उलटी केली होती, सकाळी सकाळी कार्ले, मग भाजे, वेळ उरला तर बेडसे, आणि अर्थातच नाही उरला. कार्ल्याचं भव्य दालन बघून भाज्याला गेलो तर पुतणी, तेव्हा लहान होती, ती म्हणाली, "आत्या, हे तर अर्धवटच सोडलंय." तिची काहीच चूक नव्हती, आम्हीच तिला शेवट आधी दाखवला होता.

या वेळी काळाच्या क्रमाने गेलो. आधी भाजे, मग बेडसे, मग कार्ले आणि शेवटी कान्हेरी. आणि गंमत म्हणजे हा क्रम उजेडाशीसुद्धा जुळतो! भाज्याचं तोंड पश्चिमेला, बेडशाचं पूर्वेला, कार्ल्याचं परत पश्चिमेला. म्हणजे पहिल्या दिवशी दुपारनंतर भाजे, दुसऱ्या दिवशी सकाळी बेडसे आणि दुपारनंतर कार्ले. सकाळी कार्ल्यात गेलात तर आत अंधार असतो, खांबांवरचे हत्ती नुसते काळे गोळे दिसतात, आणि दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास गेलात तर त्या मोठ्या पिंपळपानी कमानीतून ऊन आत शिरतं आणि तीच लेणी वेगळी वाटते. कुठल्याही लेण्याला जायच्या आधी नकाशावर तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा, या एका गोष्टीने निम्मी ट्रिप सुधारते.

प्रश्न: प्रत्यक्ष वेळापत्रक सांगा ना.

आधीच्या रविवारी अर्धा दिवस अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी, म्हणजेच कोंडिविटे. ही आमची तयारी. मग शनिवारी सकाळच्या गाडीने लोणावळा, तिथे जेवण, तिथून पुण्याच्या लोकलने पुढचंच स्टेशन मळवली, आणि अडीचच्या सुमारास भाज्याच्या पायऱ्यांशी. मुंबईच्या लांबच्या गाड्या मळवलीला थांबतात असं समजून चालू नका, लोणावळ्याला उतरून लोकलच पकडावी लागते आणि दुपारी लोकल कमी असतात, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर रिक्षा आहेच. मुक्काम कामशेतला. रविवारी सकाळी सातला रिक्षा ठरवून बेडसे, अकरापर्यंत खाली, जेवण, थोडी झोप, आणि तीनला कार्ले. रात्री घरी.

कान्हेरी पुढच्या आठवड्यात ठेवली. जाणूनबुजून. सलग तिसरा दिवस काढला असता तर कोणीच नीट बघितलं नसतं, आणि आठ दिवस मध्ये गेल्यामुळे वहीतल्या नोंदी परत वाचून गेलो. कान्हेरीला सोमवारी सुट्टी असते, आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, त्यामुळे दुपारी उशिरा पोचण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न: प्रत्येक ठिकाणी नक्की काय बघायचं?

आम्ही वहीत प्रत्येक लेण्यासाठी एक पान केलं आणि त्यावर तेच चार प्रश्न लिहिले: खांब सरळ आहेत की आत कललेत, खांबाला खाली-वर काही नक्षी आहे का, छताच्या फासळ्या लाकडाच्या की दगडाच्या, आणि समोरची भिंत कशाची. उत्तरं लिहायचं काम पुतणीचं. आता एकेक सांगते.

कोंडिविट्याला नऊ नंबरच्या लेण्यात जा. आत शेवटी एक गोल खोली आहे, स्तूप त्या खोलीत आहे, आणि खोलीच्या बाहेरच्या भिंतीत जाळीच्या खिडक्या कोरल्यात. म्हणजे सरळ सरळ कुडाची गोल झोपडी, छप्परासकट, दगडात. अशीच गोल झोपडी बिहारमधल्या बराबरच्या मौर्यकाळातल्या लेण्यांत आहे. आईने बघितल्या बघितल्या सांगितलं, "अगं, ही तर आपल्या गावची खोप." तिथला दगड ठिसूळ आहे, ज्वालामुखीच्या राखेत आणि तुकड्यांत जमलेला, त्यामुळे झिजलंय खूप, त्याने नाराज होऊ नका.

भाज्याला बारा नंबरचं चैत्यगृह. समोरची भिंतच नाही! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं पडली असेल, पण ती लाकडाची होती आणि गेली. कमानीच्या कडेला आणि खाली दगडात चौकोनी खाचा शोधा, त्यात लाकडं बसवलेली होती, एक खाच सापडली की भराभर सापडत जातात. आता आत जा आणि खांबांकडे बघा. सत्तावीस खांब, आठ बाजूंचे, खाली बैठक नाही वर शीर्ष नाही, आणि सगळे आत झुकलेले. कला कमी पडली म्हणून नाही. लाकडाच्या इमारतीत गोलाकार छप्पर खांबांना बाहेर ढकलतं म्हणून सुतार खांब आत कलता पुरतो. डोंगरात कोरलेल्या दालनाला कोणीच ढकलत नाही, छत डोंगराचंच आहे, तरी कोरणाऱ्याने खांब कललेलाच ठेवला, कारण त्याला घर म्हणजे असंच माहीत होतं. वर बघा, छताच्या फासळ्या चक्क लाकडाच्या आहेत, आणि त्यांची छताला काडीचीही गरज नाही. पुतणीने लांबूनच डोळ्यासमोर दोरी धरून खांबांचा कल बघितला, हात न लावता, आणि वहीत लिहिलं 'सगळे आत'.

भाज्याहून निघायच्या आधी बाजूला चौदा लहान स्तूपांचा गट आहे तो बघाच, काही आत काही बाहेर, काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलेली आहेत.

बेडशाला पोचल्यावर लेणी एकदम दिसत नाही, समोर दगड तसाच ठेवलाय आणि मधल्या चिंचोळ्या वाटेने आत जावं लागतं. आणि मग एकदम ते व्हरांड्याचे प्रचंड खांब. खाली घट, वर घंटेसारखं शीर्ष, आणि त्यावर हत्ती, घोडे, बैल यांच्यावर बसलेली जोडपी. सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. आम्ही तिथे बराच वेळ काही न बोलता बसलो. पण मग आत जा. आत परत साधे आठ बाजूंचे खांब, किंचित कललेले! म्हणजे शोभा आली ती दारापर्यंत, आतमध्ये अजून जुनीच सवय. फासळ्या लाकडाच्या होत्या त्या आता नाहीत. माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात बोलकं ठिकाण हे, आणि लोक हेच गाळतात.

कार्ल्याला ती शोभा आत शिरली. दालन जवळजवळ अडतीस मीटर लांब आणि चौदा मीटर उंच, सदतीस खांब, त्यातले दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा घट, घंटाशीर्ष आणि स्वारांसकट पूर्ण सजलेले, आणि ताठ सरळ उभे. फक्त स्तूपाच्या मागचे सात साधे राहिलेत, जिथे कोणाचं लक्ष जात नाही. पुतणीने ते स्वतः मोजून काढले आणि तिला इतका आनंद झाला की तिथल्या पहारेकऱ्यालाही तिने दाखवले. समोरची भिंत आता दगडाची. पण वर बघा, फासळ्या अजून लाकडाच्याच, आणि स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाची. म्हणजे एवढ्या वर्षांत खांब सरळ झाले, भिंत दगडाची झाली, पण छताखाली लाकूड हवंच होतं त्यांना. दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती मात्र नंतर काही शतकांनी कोरलेल्या आहेत, त्या या हिशोबात धरू नका, आमची तिथे आधी गल्लत झाली होती.

कान्हेरीचं तीन नंबरचं लेणं हे कार्ल्यावरूनच कोरायला घेतलेलं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडे. दोन व्यापारी भावांनी सुरू केलेलं. आकार लहान, चौतीस खांब, त्यातले काही पूर्ण कोरलेले आणि बाकीचे साधे सोडलेले. कार्ले बघून आलात तर न सांगता कळतं की इथे काम घाईने किंवा पैशाअभावी थांबलं, आणि कार्ले न बघता आलात तर वाटतं की अशीच पद्धत असेल. व्हरांड्याच्या दोन टोकांना जे उंचच उंच बुद्ध उभे आहेत ते परत नंतरचे.

प्रश्न: शिलालेख वाचता येत नाहीत, मग काय उपयोग?

थोडं येतं हो, खरंच येतं. भाषा प्राकृत आहे, आपल्या मराठीची आजीच म्हणा. कार्ल्याच्या व्हरांड्यात एक लेख आहे: 'वेजयंतितो सेठिना भूतपालेन सेलघरं परिनिठपितं जंबुदिपम्हि उतमं.' वैजयंतीहून आलेल्या शेठ भूतपालाने हे शैलघर पूर्ण केलं, जंबुद्वीपात उत्तम. शेठ, घर, उत्तम, तिन्ही शब्द आजही आपल्या तोंडात आहेत. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. आतल्या खांबांवर 'थंभो' म्हणजे खांब आणि 'दानं' असे शब्द परत परत येतात, म्हणजे एकेक खांब एकेकाने दिलाय, आणि देणाऱ्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे त्या काळचे ग्रीक, तेसुद्धा आहेत.

ब्राह्मी लिपीतला 'न' ओळखायला सोपा, एक आडवी रेघ आणि तिच्या मधोमध वर उभी रेघ. त्याच्या शेजारी टिंब असेल तर 'नं'. लेखाच्या शेवटी हे दिसलं की बहुतेक वेळा ते 'दानं'मधलं 'नं' असतं. आदल्या रात्री मुलांना एवढं एक अक्षर शिकवा, दुसऱ्या दिवशी ती तुम्हाला खांबाखांबाशी ओढत नेतात. आणि मग आपोआप पुढचा प्रश्न येतो की व्यापारी, यवन, शेठ इथे डोंगरात का आले, तर नकाशा काढा: खाली सोपारा आणि कल्याण ही बंदरं, वर घाटमाथा, आणि लेणी नेमकी बोरघाट चढून वर आल्यावरच्या वाटेवर.

प्रश्न: घरात मोठी माणसं आहेत, पायऱ्यांचं काय?

भाजे त्यातल्या त्यात सोपं. बेडशाला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि वर काहीही मिळत नाही, पाणी खालूनच न्या. कार्ल्याला गाडी बरीच वर जाते, तरी शेवटी चढ आहेच. आमची आई सत्तरीची, गुडघे दुखतात, ती बेडशाला दर पन्नास पायऱ्यांना बसत बसत वर आली, आणि सकाळ असल्यामुळेच जमलं. दिवसातलं अवघड ठिकाण सकाळी आणि एका दिवसात दोनच ठिकाणं, हा नियम मोडू नका.

प्रश्न: पावसाळ्यात केलं तर?

नको. हिरवळ सुंदर असते मान्य, पण ढगांमुळे ऊन नाही आणि ऊन नाही म्हणजे कोरीव काम दिसत नाही, आणि भाज्याच्या वाटेवर शनिवार-रविवारी धबधब्याची गर्दी इतकी की चालणं मुश्कील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

प्रश्न: कार्ल्याला एकवीरेची गर्दी असते ना?

हो, आणि ती असणारच, देवी कोळ्यांची आणि कितीतरी घरांची कुलदेवता आहे, देऊळ चैत्यगृहाच्या अगदी दारात आहे. नवरात्र आणि चैत्रातली जत्रा टाळा, रविवारी सकाळही टाळा. दुपारी तीननंतर रांग ओसरते. आमच्या आईने आधी ओटी भरली आणि मगच लेण्यात आली, आणि मला तेच बरोबर वाटतं.

प्रश्न: हे झाल्यावर पुढे काय?

आता तुमची घारापुरी! तिच्याबरोबर जोगेश्वरी आणि बोरिवलीचं मंडपेश्वर, तिन्ही शैव, साधारण एकाच काळातली, तिन्ही मुंबई परिसरातली. प्रश्न असा घ्या की शिव तीन ठिकाणी कसा उभा केलाय. मंडपेश्वरला नाचणारा शिव शोधा, तिथे पोर्तुगीजांनी चर्च केलं होतं तरी तो टिकलाय, आणि मग घारापुरीचा नटराज त्याच्या शेजारी मनात ठेवून बघा. घारापुरीलाही सोमवारी सुट्टी असते. आम्ही फेब्रुवारीत जातोय, वही पुतणीने आत्ताच आखून ठेवलीय.